रिस्पेरिडोन, प्रोलॅक्टिन आणि डॉक्टरांशी बोलणे

«रिस्पेरिडोन सुरू झाल्यापासून चार महिन्यांत कामेच्छाच उरलेली नाही. गोळी बंद करू का?»

कृपया स्वतःहून बंद करू नका. मेंदूतील डोपामिन एरवी पिट्युटरी ग्रंथीतील प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला आवर घालते. रिस्पेरिडोन किंवा अमिसल्प्राइड ही सायकोसिसवरची औषधे ते डोपामिन अडवतात, प्रोलॅक्टिन वाढते, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन घटू शकते आणि इच्छा व ताठरता दोन्ही मंदावतात.

माझ्या धाकट्या भावाचे असेच झाले होते. चार मिलिग्रॅमवर असताना राजारामपुरीतील लॅबमध्ये प्रोलॅक्टिन ६२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. पुरुषांत साधारण १५ ते २० ही वरची मर्यादा असते. झोपेने आणि ताणानेही हा आकडा वाढतो, म्हणून उठल्यावर तासाभराने, शांत बसून रक्त द्यावे. डॉक्टरांनी थायरॉईड आणि सकाळचे टेस्टोस्टेरॉनही तपासले, रिस्पेरिडोन तसेच ठेवून प्रोलॅक्टिन खाली आणणारे अरिपिप्राझोल हे दुसरे औषध पाच मिलिग्रॅम जोडले, आणि दोन महिन्यांत आकडा १८ वर आला. अमिसल्प्राइडसोबत हा उपाय कमी चालतो. तिथे मात्रा घटवणे किंवा औषध हळूहळू बदलणे यावर बोलावे लागते, आणि त्यात आजार उलटण्याचा धोका किती, हे स्पष्ट विचारावे.

तक्रार औषधाआधीची की नंतरची, पहाटेची ताठरता टिकून आहे का, छातीला सूज किंवा स्त्राव आहे का, हे चिठ्ठीवर लिहून न्या. तोंडाने सांगायला जड जात असेल तर तीच चिठ्ठी पुढे करा. डोकेदुखी किंवा दृष्टीत बदल असेल, तर पिट्युटरीच्या एमआरआयबद्दल लगेच विचारा.