मदत हवी आहे: सोमवारी केस स्टडी राऊंड, २२ स्लाईड झाल्यात, सिनियर लोकांसमोर कशा मांडू?

सोमवारचीघाई (शुक्रवार, रात्री १०.४०)
नमस्कार, मी सांगलीची. सोमवारी पुण्यात बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी केस स्टडी राऊंड आहे. त्यांनी एक्सेल दिलं होतं, त्याचं अ‍ॅनालिसिस सगळं झालंय, चार्ट पण नीट झालेत. पण आज विश्रामबागला मैत्रिणीच्या घरी जाऊन तिला म्हणून दाखवलं तर ३८ मिनिटं लागली आणि वर ती म्हणते की शेवटी तू काय सांगितलंस तेच मला कळलं नाही. मोठ्या लोकांसमोर फाइंडिंग्ज कुठल्या क्रमानं मांडायच्या? कुणाकडे तयार फॉरमॅट असेल तर द्या प्लीज, वेळ कमी आहे.

रंगीतपेन
बॅकग्राऊंड गडद निळा ठेव, अक्षरं पांढरी, एका स्लाईडवर एकच चार्ट. अ‍ॅनिमेशन अजिबात नको. माझ्याकडे टेम्प्लेट आहे, मेसेज कर.

कृष्णाकाठ
ताई, केस कसली, वेळ किती, समोर कोण बसणार, काहीच लिहिलं नाहीस. तरी सांगतो, उत्तर पहिल्या स्लाईडवर टाक आणि बाकीचं सगळं काढून टाक. पाच स्लाईड बास. डेटा कसा साफ केला वगैरे कुणाला ऐकायचं नसतं. मी दोन ठिकाणी असंच केलं आणि दोन्हीकडे निवड झाली.

मिरजकर काका
मी ३१ वर्षं बँकेत काढली. कर्जाचे प्रस्ताव संचालक मंडळापुढे मांडताना आधी पार्श्वभूमी, मग आकडे, शेवटी शिफारस असाच क्रम असायचा. पहिल्याच पानावर निकाल सांगितला तर समोरच्याला वाटतं की हा ठरवूनच आलाय. केलेले कष्ट दिसायला हवेत.

कृष्णाकाठ
काका, प्रस्ताव आदल्या दिवशी वाचून येतात. इथं स्लाईड पहिल्यांदाच बघणार आहेत. दहा मिनिटं पार्श्वभूमी ऐकवली तर मोबाईल बाहेर निघतील की.

हळदगल्ली
क्रमाचं नंतर बघू. त्यांनी विचारलेलं वाक्य जसंच्या तसं लिही, आणि तुझा निष्कर्ष एका ओळीत सांग.

सोमवारचीघाई
सॉरी, घाईत राहिलं. ऑनलाइन सामान घरपोच देणाऱ्या कंपनीची केस आहे. प्रश्न असा: "वेळेवर डिलिव्हरी जानेवारीत ९० टक्के होती, जूनमध्ये ८५ झाली. कारण शोधा आणि काय करावं ते सुचवा." वेळ २० मिनिटं आणि प्रश्नांना १०. समोर ऑपरेशन्स हेड, फायनान्स हेड आणि एचआर. माझा निष्कर्ष: ऑर्डरी वाढल्या, डिलिव्हरी करणारी मुलं कमी पडतायत, म्हणून भरती करावी. पहिल्या ६ स्लाईड डेटा क्लीनिंगच्या, मग महिना, वार, प्रॉडक्ट, पेमेंट, शहर असं एकेक करत गेलेय, निष्कर्ष २१ वर.

गणपतीपेठ
एसक्यूएल येतं का? जॉइन आणि विंडो फंक्शन नक्की विचारतात. पगार किती देणार आहेत?

हळदगल्ली
शहराची स्लाईड कितवी? दोन्ही महिन्यांच्या ऑर्डरी आणि त्यातल्या वेळेवर पोचलेल्या, मोठी शहरं वेगळी आणि छोटी वेगळी, असे नुसते आकडे दे. टक्के नकोत.

सोमवारचीघाई
शहर १७ वी आहे. जानेवारीत मोठी शहरं ८,००० पैकी ७,६०० आणि छोटी २,००० पैकी १,४००. जूनमध्ये मोठी ९,००० पैकी ८,५५० आणि छोटी ६,००० पैकी ४,२००.

हळदगल्ली
आता भागाकार कर. मोठी शहरं जानेवारीत ९५ टक्के, जूनमध्येही ९५. छोटी तेव्हा ७० आणि आताही ७०. म्हणजे बिघडलं कुठंच नाही. छोट्या शहरांचा वाटा २० टक्क्यांवरून ४० वर गेला आणि तिथली डिलिव्हरी आधीपासूनच कच्ची होती, म्हणून एकूण आकडा खाली आला. आपल्याकडं मार्केट यार्डात चांगल्या हळदीत हलकी जास्त मिसळली तर ढिगाचा भाव पडतो, चांगल्या हळदीची प्रत तीच राहते, तसं हे. खात्री करायची तर जूनचे टक्के घे आणि जानेवारीचा वाटा लाव. ९५ चे ८० टक्के म्हणजे ७६, ७० चे २० टक्के म्हणजे १४, बेरीज ९०. पाचही टक्के मिश्रणाचेच निघाले.

तू भरती करा म्हणाली असतीस तर ऑपरेशन्स हेडनं एकच विचारलं असतं, उशीर नेमका कुठल्या शहरात वाढला ते दाखवा. तुझ्याकडं दाखवायला काही नसतं. निष्कर्ष पक्का नसताना क्रम कितीही बदलला तरी उपयोग नाही, म्हणून आधी हे विचारलं.

सोमवारचीघाई
बापरे. तो चार्ट माझ्याकडे होता पण त्यात फक्त जून होता. जानेवारी शेजारी ठेवलाच नव्हता. मग आता शिफारस काय करू? सगळंच गेलं का?

हळदगल्ली
गेलं नाही. आता प्रश्न लहान झाला: छोट्या शहरांत ७० च का? काही गोष्टी तू गृहीत धरून लिहिल्या नसणार. ट्रक, हब, वायदा किती तासांचा, केसच्या पीडीएफमध्ये जे असेल ते सगळं सांग. आणि ऑर्डर किती वाजता आली तो कॉलम आहे का?

सोमवारचीघाई (शनिवार, सकाळी ८.१५)
आहे. पीडीएफमध्ये लिहिलंय की वायदा सगळीकडे ४८ तासांचा आणि छोट्या शहरांचा माल हबवरून रोज संध्याकाळी ५ ला एकाच ट्रकनं निघतो. मला ते माहितीपुरतं वाटलं म्हणून लिहिलं नाही. आता बघितलं तर जूनमध्ये छोट्या शहरांतल्या उशिराच्या १,८०० ऑर्डरींपैकी १,२६० दुपारी ४ नंतर आलेल्या आहेत!

कृष्णाकाठ
झालं की मग. ७० टक्के उशीर ४ नंतरच्या ऑर्डरींचा. हेच पहिल्या स्लाईडवर टाक.

हळदगल्ली
थांब. ४ नंतर एकूण ऑर्डरी किती आल्या ते बघितल्याशिवाय हे वाक्य अर्धवट आहे. मुळात ७० टक्के ऑर्डरीच ४ नंतर येत असतील तर त्यात विशेष काहीच नाही.

सोमवारचीघाई
४ नंतर २,१०० आल्या, त्यातल्या १,२६० उशिरा. ४ च्या आधी ३,९०० आल्या, त्यातल्या ५४० उशिरा.

हळदगल्ली
म्हणजे ४ नंतर ६० टक्के उशीर आणि आधी १४ टक्के. आता ते वाक्य उभं राहतं. ट्रक चुकला की माल दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हबवर पडून राहतो, तिथंच ४८ पैकी पूर्ण एक दिवस जातो. त्या १,२६० पैकी ७२ तासांच्या आत किती पोचल्या? आणि `delivered_at` रिकामा असलेल्या रांगांचं काय केलंस?

सोमवारचीघाई
७२ तासांत १,१८०. रिकाम्या ३१० होत्या, त्या मी डिलीट केल्या. आत्ता तपासलं, जवळजवळ सगळ्या २९ आणि ३० जूनच्या ऑर्डरी आहेत.

हळदगल्ली
मग त्या वाटेतच आहेत, फेल धरता येणार नाहीत. काढल्या ते बरोबर, पण स्लाईडच्या तळाशी एक ओळ लिही की ३१० काढल्या आणि का. सहा स्लाईडचं क्लीनिंग त्या ओळीत येतं. म्हणून अजिबात दाखवू नको हे कृष्णाकाठ यांचं म्हणणं मला पटत नाही. फायनान्सचा माणूस एकूण आकडा जुळवून बघतो, आणि ३१० कमी दिसले की तिथंच अडकतो.

आता मांडणी. काका म्हणतात ते एका बाबतीत खरं आहे. ऑपरेशन्स हेडला वाटत असणार की हे प्रेझेंटेशन म्हणजे माझ्या कामावर बोट आहे. पण म्हणून पार्श्वभूमी लांबवू नको, पहिलंच वाक्य असं लिही की त्याला ते कळेल: "कुठल्याच शहरात डिलिव्हरी बिघडलेली नाही. छोट्या शहरांतून ऑर्डरी तिप्पट झाल्या आणि तिथं ४ नंतरची ऑर्डर ४८ तासांत बसत नाही." स्लाईडचं शीर्षक म्हणून हेच टाक, "डिलिव्हरी अ‍ॅनालिसिस" असं काही नको. दुसऱ्या स्लाईडवर चार आकड्यांचा तो तक्ता आणि खाली ७६ अधिक १४ चा हिशोब. तिसऱ्यावर ४ च्या आधी आणि नंतर. चौथ्यावर पर्याय. बाकीच्या सगळ्या मागे ठेव, विचारलं तर उघडायच्या.

कृष्णाकाठ
पर्याय सोपा आहे. छोट्या शहरात ४ नंतर ऑर्डर आली तर वायदा ७२ तासांचा दाखवायचा. १२,७५० मध्ये ११८० मिळवले की १३,९३०, भागिले १५,००० म्हणजे जवळपास ९३ टक्के. खर्च शून्य.

मिरजकर काका
याला सुधारणा म्हणायचं का? गिऱ्हाईकाच्या दारात वस्तू त्याच दिवशी येणार, फक्त कागदावर वेळेवर. आमच्याकडं थकीत कर्जाची मुदत वाढवली की खातं चांगलं दिसायचं, पैसा मात्र तेवढाच अडकलेला असायचा.

कृष्णाकाठ
काका, खोटा वायदा देण्यापेक्षा खरा दिलेला बरा नाही का?

हळदगल्ली
दोघांचंही स्लाईडवर यायला हवं. ९३ चा आकडा दाखवशील तिथंच लिही की पार्सल लवकर येणार नाही, फक्त वायदा खरा होईल. आणि ७२ बघून किती जण ऑर्डरच करणार नाहीत ते या डेटातून कळत नाही, तेही सांग. दुसरा पर्याय रात्रीचा दुसरा ट्रक. परत आलेल्या मालाबद्दल पीडीएफमध्ये काही आहे का?

सोमवारचीघाई
आहे. वेळेवरच्या १०० पैकी ५ परत येतात आणि उशिराच्या १०० पैकी १५. एका परतीला १२० रुपये खर्च. ट्रकचं भाडं कुठंच दिलेलं नाही.

हळदगल्ली
मग उशिरामुळं जास्तीत जास्त शेकडा १० परती वाढतात असं धर, जास्तीत जास्त अशासाठी की परतीला दुसरीही कारणं असतात. १,२६० च्या १२६, गुणिले १२०, महिन्याला १५,१२०. ट्रकचं भाडं आपल्या मनानं घालू नको. एवढंच म्हण की निव्वळ परतीच्या खर्चावर बघितलं तर महिन्याला १५ हजारांच्या वरचा ट्रक परवडत नाही, भाडं तुमच्याकडं असेल. फायनान्स हेडला स्वतःचा आकडा टाकून ठरवता येईल असं मांड. मी असतो तर दोन छोट्या शहरांत चार आठवडे ७२ दाखवून ऑर्डरी घटतात का ते बघा अशी शिफारस केली असती.

रंगीतपेन
चाचणी सुचवली की निर्णय टाळला असं वाटतं पण. आमच्याकडं एकाला त्यावरूनच नाकारलं होतं.

हळदगल्ली
नुसती चाचणी म्हटलं तर वाटणारच. आधी म्हणायचं की मी वायदा बदलेन, आणि ऑर्डरी किती घटल्या तर मागं घेईन तो आकडाही द्यायचा. तो आकडा किती असावा हे मला इथं बसून सांगता येणार नाही, मार्जिन माहीत नाही.

गणपतीपेठ
पुण्याला जाणार कशी? सोमवारी पहाटे निघू नको, खंबाटकीला अडकलीस तर संपलं. रविवारीच जा आणि पेनड्राइव्हमध्ये पीडीएफ पण ठेव.

सोमवारचीघाई (शनिवार, रात्री ९.३०)
रविवारी दुपारच्या एसटीनं जातेय, आत्याकडे राहीन. आता चार स्लाईड पुढे आणि नऊ मागे ठेवल्यात. मैत्रिणीला परत म्हणून दाखवलं, १६ मिनिटं लागली. या वेळी तिनं दुसऱ्या स्लाईडलाच अडवलं की दोन्हीकडे टक्के तेच आहेत मग एकूण कमी कसे, तेव्हा ७६ अधिक १४ चा हिशोब कागदावर करून दाखवला, मग तिला पटलं. तो हिशोब शीर्षकाच्या लगेच खाली घेतलाय. मागं घ्यायचा आकडा अजून ठरत नाहीये. वायदा बदलून छोट्या शहरांत ऑर्डरी १० टक्के घटल्या तर मागं घ्या असं लिहू, की मार्जिन त्यांनाच विचारू?

मिरजकर काका
विचार. पण विचारायच्या आधी १० हा आकडा कुठून आणलास ते सांगता येत असेल तरच लिही.