दीड लाख भरले तर दीड लाख टॅक्स वाचतो का? (आपल्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-४०२: सगळ्यांना नमस्कार, एक अर्जंट विचारायचंय. एका एजंटने मार्चमध्ये दीड लाख प्रीमियमची पॉलिसी घ्यायला लावली, म्हणाला पूर्ण दीड लाख ८०सी मध्ये जातात म्हणजे दीड लाख टॅक्स वाचतो. मी पण घाईत सही केली. आता ऑफिसातून फॉर्म १६ आलाय त्यात तर काहीच फरक दिसत नाहीये. कुणी सांगेल का काय चुकलं?

ए-१०१: अरे ८०सी आहे ना, मग वाचणारच की. मीपण दरवर्षी भरतो.

सी-७०३: थांबा जरा, हे नीट बोलायला पाहिजे. मी तीस वर्षं टॅक्सच्या ऑफिसात रिटर्न भरायचं काम केलंय, आणि हाच गैरसमज दर मार्चला बघितलाय. बाळा, तुझा वर्षाचा पगार किती आणि पीएफ किती कापतात ते सांगशील का? इथे नको वाटलं तर मला पर्सनलवर पाठव.

बी-४०२: काकू इथेच सांगतो, लपवण्यासारखं काय आहे त्यात. पगार ११,३०,०००, पीएफ महिन्याला ४,८००. भाडं वगैरे नाही, घर बाबांचं आहे. होमलोन नाही.

सी-७०३: छान. आता बघ. ८०सी ही वजावट आहे, आणि वजावट होते उत्पन्नातून, टॅक्समधून नाही. आधी जुन्या रेजिमचा हिशोब करू. ११,३०,००० मधून स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० गेले, राहिले १०,८०,०००. यावर टॅक्स किती? अडीच ते पाच लाखाचे १२,५००, पाच ते दहाचे १,००,०००, आणि वरच्या ८०,००० वर ३० टक्क्यांनी २४,०००. झाले १,३६,५००, त्यावर ४ टक्के सेस धरून १,४१,९६०. म्हणजे तुझा सगळा टॅक्सच दीड लाख होत नाही, मग दीड लाख वाचणार कुठून?

बी-४०२: हे माझ्या डोक्यातच आलं नाही काकू 😟

सी-७०३: आता दीड लाख वजा कर, उत्पन्न राहिलं ९,३०,०००. गेलेल्या दीड लाखातले वरचे ८०,००० होते ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये म्हणून तिथे वाचले २४,०००, खालचे ७०,००० होते २० टक्क्यांत म्हणून तिथे १४,०००. एकूण ३८,०००, सेससकट ३९,५२०. दीड लाखाच्या वजावटीची किंमत एवढीच. जो रुपया उत्पन्नातून निघाला त्याच्यावर जितका टॅक्स लागला असता तितकाच वाचतो, अख्खा रुपया नाही.

ए-१०१: म्हणजे ज्याचा स्लॅब मोठा त्याचा फायदा मोठा?

सी-७०३: हो ना. तेच दीड लाख सगळेच २० टक्क्यांच्या थरातून निघाले असते तर तीस हजारच, वर सेस. आणि बी-४०२ तुझी आणखी एक गोष्ट, तुझा पीएफ वर्षाचा ५७,६०० झाला, तो पण ८०सी मध्येच मोजतात. म्हणजे दीड लाखाच्या मर्यादेत पॉलिसीला जागा उरली फक्त ९२,४०० ची. पॉलिसीमुळे जास्तीचे वाचले असते साधारण साडेएकवीस हजार. बाकीच्या ५७,६०० प्रीमियमला एक पैसा नाही.

डी-२०४ (आजोबा): आमच्या वेळी हे असं नव्हतं. कलम ८८ होतं, १९९० पासून. पीपीएफ, एलआयसीमध्ये जे भरलं त्याच्या २० टक्के थेट टॅक्समधून कमी. हजार भरले की दोनशे कमी, क्लार्क असो नाहीतर साहेब, दोघांना दोनशेच. मी स्वतः हातानं फॉर्म भरायचो, आधी टॅक्स काढायचा आणि मग त्याच्याखाली रिबेट लिहायचं.

सी-७०३: आजोबा बरोब्बर! त्यालाच टॅक्स क्रेडिट म्हणतात, आपण रिबेट म्हणायचो. २००२ नंतर पगाराप्रमाणे टक्केवारी बदलली आणि पाच लाखांच्या वर बंद झालं, मग २००५-०६ पासून कलम ८८ जाऊन परत ८०सी आलं, म्हणजे टॅक्समधून कमी होणारी रक्कम परत उत्पन्नातून कमी व्हायला लागली. ओळ कुठे आहे ते बघायचं, टॅक्सच्या वर की टॅक्सच्या खाली.

बी-४०२: पण काकू माझ्या फॉर्म १६ मध्ये तर टॅक्सच शून्य दिसतोय.

सी-७०३: हेच मला बघायचं होतं. पार्ट बी उघड, वर 115BAC लिहिलेली ओळ आहे. तिथे रेजिम कळेल. ऑफिसला काही कळवलं नसेल तर तू नव्या रेजिममध्येच आहेस, आणि नव्या रेजिममध्ये ८०सी मिळतच नाही. पॉलिसी असली काय नसली काय.

बी-४०२: हो, नवीनच आहे. मग शून्य कसा काय झाला?

सी-७०३: रिबेटमुळे. ११,३०,००० मधून ७५,००० गेले, राहिले १०,५५,०००. चार ते आठ लाखावर ५ टक्के २०,०००, पुढच्या २,५५,००० वर १० टक्के २५,५००. टॅक्स ४५,५००. आता खाली 87A ची ओळ बघ, २०२५-२६ साठी उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० पर्यंत रिबेट आहे. ४५,५०० च्या टॅक्समधून ४५,५०० गेले, रुपयाला रुपया. सेस पण शून्यावर लागला म्हणून शून्य. आणि तिकडे जुन्या रेजिममध्ये दीड लाख वजा करून सुद्धा तू १,०२,४४० भरला असतास!

ए-१०१: मग ६०,००० मधले उरलेले १४,५०० परत मिळतात का?

सी-७०३: नाही, हे रिबेट टॅक्स शून्यापर्यंतच आणतं, उरलेलं हातात येत नाही. आणि शेअर्सवरच्या कॅपिटल गेनसारखे जे वेगळ्या दराने लागतात त्या टॅक्सवर नव्या रेजिममध्ये हे रिबेट चालत नाही, मागच्या वर्षी खूप जणांचा तिथे घोळ झाला.

ए-३०५: काकू माझा प्रश्न, आईच्या एफडीवर बँकेने १२,००० टीडीएस कापला. नावातच डिडक्शन आहे, मग तो पण उत्पन्नातून जाणार का?

सी-७०३: ताई खूप चांगलं विचारलंस, या नावानं खूप फसगत होते. टीडीएस म्हणजे आधीच भरलेला टॅक्स, तो पूर्ण १२,००० टॅक्समधूनच वजा होतो, म्हणजे क्रेडिट. उत्पन्नात मात्र व्याज पूर्ण दाखवायचं, कापून हातात आलेलं नाही. आणि आईंचा टॅक्स शून्य निघाला तर १२,००० रिफंड येतात, 87A सारखं नाही. 26AS मध्ये बरोबर दिसतोय ना ते आधी बघून घे.

बी-४०२: काकू मग पॉलिसीचं काय करू? दरवर्षी दीड लाख भरायचे दहा वर्षं.

सी-७०३: बाँड हातात कधी आला? तारीख सांग. मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, फ्री लूक म्हणतात. स्टँप ड्यूटी, मेडिकलचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी परत देतात. विमा म्हणून हवी असेल तर ठेव, टॅक्ससाठी म्हणून ठेवू नको.

बी-४०२: कुरिअरची पावती बघितली, बाँड येऊन १९ दिवस झालेत.

सी-७०३: मग उद्याच लेखी अर्ज दे आणि पोच घे. अर्जात कारण लिही की टॅक्सच्या बाबतीत चुकीचं सांगितलं. संध्याकाळी ये घरी, मी मजकूर बघून देते.

बी-४०२: सात वाजता येतो काकू 🙏