मदत हवी आहे: हॉल इफेक्टच्या प्रॅक्टिकलमध्ये चुंबक उलटवला तरी व्होल्टेज धनच येतंय

सावळी_सांज

एमएस्सी भौतिकशास्त्र, पहिलं वर्ष. आमच्या लॅबमध्ये हॉल इफेक्टचा जो जर्मेनियमचा क्रिस्टल आहे, त्याच्यावरचं लेबल केव्हाच निघून गेलंय. तो पी-टाइप की एन-टाइप हे मोजून सांगा आणि वाहकांची घनताही काढा, असं सरांनी मला दिलंय.

क्रिस्टलची जाडी ०.५ मिमी आणि रुंदी ४ मिमी. लांबीच्या दिशेने ४ मिलिअँपिअर करंट सोडलाय. इलेक्ट्रोमॅग्नेटच्या फटीत गॉसमीटर २००० गॉस दाखवतो. पट्टीच्या आडव्या दोन कडांना मिलीव्होल्टमीटर जोडलाय. चुंबक चालू केला की ७८ मिलीव्होल्ट. कॉइलच्या वायरी उलट जोडल्या की १४. चुंबक बंद असताना ४५. तिन्ही वाचनं धनच!

७८ धरून घनता घनसेंटिमीटरला १.३ × १०¹⁴ येते. आधीच्या प्रयोगात याच क्रिस्टलची रोधकता ११ ओहम-सेंमी आली होती, ती वापरली तर मोबिलिटी ४४०० च्या आसपास येते. पुस्तकात जर्मेनियमसाठी इलेक्ट्रॉनची ३९०० आणि होलची १९०० दिली आहे. मग हा एन-टाइप म्हणायचा का? पण इलेक्ट्रॉनपेक्षाही जास्त कशी काय? आणि क्षेत्र उलटं केल्यावर व्होल्टेज उलटं का होत नाही? सोमवारी तोंडी परीक्षा आहे.

खिळा_आणि_चुंबक

सोपं आहे. चुंबक नसताना ४५ दिसतंय ती मीटरची शून्यातली चूक. ती वजा करा, ७८ − ४५ = ३३. हेच हॉल व्होल्टेज. चिन्हाचं म्हणाल तर इलेक्ट्रॉन करंटच्या उलट दिशेने धावतात, त्यामुळे चुंबक त्यांना होलच्या विरुद्ध कडेला ढकलतो. कोणत्या कडेला वाहक जमले ते बघा, की टाइप कळला.

स्कूटरवाला_बंड्या

माझ्या ई-स्कूटरचं पण हॉल सेन्सरचंच दुखणं आहे. थ्रॉटल पूर्ण सोडला तरी मोटर हळूहळू फिरत राहते. मेकॅनिक म्हणतो सेन्सर बदला. बदलू का? की तुमच्यासारखं काही वजा करून चालेल?

लॅबमधले_काका

सावळी, तुझी वाचनं चांगली आहेत. त्यांच्याकडे बघायची पद्धत बदल.

ते ४५ मिलीव्होल्ट मीटरची चूक नाहीत. मीटरची दोन टोकं एकमेकांना जोडून बघ, शून्याजवळच दाखवेल. ते व्होल्टेज क्रिस्टलमध्येच आहे. रोधकता ११ ओहम-सेंमी, रुंदी ४ आणि जाडी ०.५ मिमी म्हणजे लांबीच्या दर मिलिमीटरला ५५ ओहम रोध. ४ मिलिअँपिअरला दर मिलिमीटरला २२० मिलीव्होल्ट पडतात. आता तुझे आडवे दोन संपर्क अगदी समोरासमोर नसून एक जरा पुढे, एक जरा मागे असेल, तर त्या सरकण्याएवढं व्होल्टेज मीटरवर येणारच. ४५ ला २२० ने भागलं तर ०.२ मिमी. दाबून बसवलेल्या स्प्रिंगच्या टोकांकडून याहून अचूकपणाची अपेक्षा करू नये.

हे जुनंच दुखणं आहे. १८७९ मध्ये एडविन हॉलने बाल्टिमोरला सोन्याच्या पातळ वर्खावर हा प्रयोग केला, तेव्हा आधी गॅल्व्हानोमीटरची टोकं वर्खावर इकडेतिकडे लावत, जवळजवळ सारख्या विभवाचे दोन बिंदू शोधले आणि मगच चुंबक चालू केला. आपले संपर्क पक्के बसवलेले असतात, म्हणून आपण ते हिशोबात काढून टाकतो.

क्षेत्र उलटं केल्यावर हॉलचा भाग उलटतो, सरकण्यामुळे आलेला भाग उलटत नाही. तुझ्याकडे सरकण्याचा भाग हॉलपेक्षा मोठा आहे, म्हणून दोन्ही वाचनं धन. दोन्हींची वजाबाकी करून निम्मं कर: (७८ − १४) / २ = ३२. मग

```
R_H = V_H·t/(I·B)
    = 0.032 × 0.0005 / (0.004 × 0.2)
    = 0.02 m³/C
```

यावरून घनता घनसेंटिमीटरला ३.१ × १०¹⁴ आणि मोबिलिटी १८०० येते. होलच्या आकड्याशी जवळीक आहे, इलेक्ट्रॉनच्या आकड्यापासून बरीच दूर. पण टाइप यावरून ठरवू नकोस. अशुद्ध क्रिस्टलमध्ये इलेक्ट्रॉनची मोबिलिटीही उतरते. चिन्ह वेगळं मोजायचं असतं.

खिळा, तुम्ही ३३ म्हणालात आणि ३२ च्या जवळ पोचलात, पण दुसऱ्या बाजूने ४५ − १४ = ३१ येतात. दोन उत्तरं का, ते पुढे बघू. चिन्हाचं मात्र जमलं नाही. इलेक्ट्रॉनची दिशा उलटी हे खरं, पण त्याचा भारही उलटा. बल दोन्हींवर अवलंबून असल्यामुळे दोन उलटे मिळून सुलटं होतं. एकाच करंटसाठी होल असो की इलेक्ट्रॉन, ते एकाच कडेला ढकलले जातात. फरक एवढाच, की होल जमले तर ती कड धन होते आणि इलेक्ट्रॉन जमले तर ऋण.

खिळा_आणि_चुंबक

हे पटायला मला जरा वेळ लागेल. पण धरलं तसं, तरी ती कड कोणती हे सावळीला कसं कळणार? जुन्या चुंबकांवर उत्तर-दक्षिण लिहिलेलं नसतं, आणि कॉइल कोणत्या बाजूने गुंडाळली आहे हे बाहेरून दिसत नाही.

लॅबमधले_काका

बरोबर शंका. उत्तर-दक्षिण शोधायची गरजच नाही. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलची दोन-तीन मिमी रुंदीची बारीक पट्टी काप. क्रिस्टल काढून त्याच जागी, ज्या दिशेने क्रिस्टलमध्ये करंट जातो त्याच दिशेने ती सैल धर, आणि साध्या सेलने क्षणभर करंट सोड. एक अँपिअर आणि २००० गॉसला ५ सेंमी फॉइलवर साधारण एक ग्रॅम वजनाएवढा धक्का बसतो, म्हणजे ती स्पष्ट उडी मारते. जिकडे फॉइल उडेल तिकडेच क्रिस्टलमधले वाहक जमतात, ते कोणतेही असोत. मग क्रिस्टल परत लाव, चुंबक तसाच ठेवून मीटरचं कोणतं टोक त्या कडेला आहे ते बघ. सेलच्या धन-ऋण टोकांकडे मात्र नीट लक्ष ठेव.

एक अट: सरकण्याचे ४६, म्हणजे ७८ आणि १४ ची सरासरी, तिथेही मधे येणार. म्हणून मीटरवरचा आकडा धन की ऋण हे बघू नकोस. क्षेत्र उलटं केल्यावर तो वाढतो की कमी होतो ते बघ.

बंड्या, तुमच्या स्कूटरसाठी वेगळा धागा काढा, इथे उत्तर मिळणार नाही. पण गंमत सांगतो. अशा सेन्सरच्या चिपमध्येही हेच सरकण्याचं व्होल्टेज असतं. ते घालवायला बऱ्याच चिप करंट आणि मोजणीच्या दिशा आलटूनपालटून बदलत राहतात आणि सरासरी घेतात.

स्कूटरवाला_बंड्या

म्हणजे बदलावाच लागणार 🙄

उष्ण_टोक

एवढा खटाटोप कशाला? तापवलेली सोल्डरिंग आयर्न क्रिस्टलच्या एका टोकाला टेकवा, मीटरचं धन टोक तिथे, ऋण टोक गार बाजूला. धन दाखवलं तर एन-टाइप, ऋण दाखवलं तर पी-टाइप. एका मिनिटाचं काम. आम्ही सिलिकॉनच्या तुकड्यांवर नेहमी हेच करतो.

सावळी_सांज

काका, खूप आभार. आज चारही वाचनं घेतली, करंटही उलटा करून.

करंट सुलटा: ७८.३ आणि १४.१
करंट उलटा: −७७.७ आणि −१३.९

पहिल्या जोडीतून ३२.१ आणि दुसरीतून ३१.९, सरासरी ३२.०. फॉइल उजव्या कडेकडे उडाली. त्याच चुंबकाला मीटरचं धन टोक उजव्या कडेला होतं आणि वाचन ७८.३ होतं. वायरी उलटवल्यावर १४.१ झालं. म्हणजे वाहक उजवीकडे जमताना उजवी कड अधिक धन होते. म्हणून पी-टाइप.

पण आयर्नची पद्धतही करून बघितली, आणि ती एन-टाइप सांगते! दोनदा तपासलं. आता तोंडी परीक्षेत काय सांगू? शिवाय शून्य क्षेत्राला ४५.१ येतात, पण ७८.३ आणि १४.१ ची सरासरी ४६.२ आहे. हा १.१ चा फरक कुठून?

लॅबमधले_काका

फॉइलवर आणि हॉलवर विश्वास ठेव. सिलिकॉनच्या सवयीने जर्मेनियम तपासला की असंच होतं.

तुझ्या क्रिस्टलमध्ये होल ३ × १०¹⁴ आहेत. खोलीच्या तापमानाला जर्मेनियममध्ये उष्णतेने आपोआप तयार होणाऱ्या जोड्या साधारण २.४ × १०¹³, म्हणजे दहा टक्केही नाहीत. पण तापमानाबरोबर त्या झपाट्याने वाढतात. आयर्नचं टोक दोन-तीनशे अंशांचं असतं, तिथे होल-इलेक्ट्रॉन जवळपास सारखे होतात, आणि इलेक्ट्रॉनच जास्त चपळ असल्यामुळे मीटर त्यांचं म्हणणं दाखवतो. आयर्नऐवजी बर्फात थंड केलेली तांब्याची सळई टेकव आणि गार टोक, गरम टोक यांचा हिशोब उलटा लाव. चिन्ह फॉइलशी जुळायला हवं.

याचंच हॉलमधलं रूप बघायचं असेल तर क्रिस्टल हळूहळू तापव. तुझ्या घनतेला, माझ्या अंदाजाने, सत्तर अंशांच्या आसपास हॉल व्होल्टेज शून्य होऊन उलटेल. एन-टाइपमध्ये असं उलटणं येत नाही. ज्याला चिन्हाची शंका असेल त्याच्यासाठी हा पक्का पुरावा. पण जिथे व्होल्टेज शून्य होतं तिथे वरचं सूत्र लावून घनता काढू नकोस, अनंत येईल. दोन वाहक असले की ते सूत्रच लागू नाही.

१.१ बद्दल: चुंबक बंद केला तरी लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं. तुझ्या प्रमाणात १.१ मिलीव्होल्ट म्हणजे सुमारे ७० गॉस, जुन्या गाभ्याला अशक्य नाही. दुसरी शक्यता, क्षेत्रात क्रिस्टलचा रोधच थोडा वाढतो आणि सरकण्याचं व्होल्टेजही त्याबरोबर वाढतं. ओळखायचं असं: एका दिशेने चालवून बंद कर आणि वाच, मग उलट दिशेने चालवून बंद कर आणि वाच. दोन वाचनं वेगळी आली तर उरलेलं चुंबकत्व, तीच आली तर रोध.

उष्ण_टोक

जर्मेनियमचं लक्षात आलं नव्हतं. पण मग एक विचारतो. ३.१ × १०¹⁴ हा आकडा तरी किती खरा? वाहक जाळीच्या कंपनांवर आदळत असतील, तर कमी क्षेत्रात सूत्रात ३π/८, म्हणजे १.१८ चा गुणक येतो. त्याने घनता ३.७ होते.

लॅबमधले_काका

तो १.१८ साध्या गोल पट्ट्याच्या हिशोबातून येतो. जर्मेनियमच्या होलमध्ये जड आणि हलके असे दोन प्रकार असतात, त्यांना तो जसाच्या तसा लावणं मला पटत नाही. एका क्षेत्राच्या मोजणीवरून गुणक ठरवताही येत नाही. जर्नलमध्ये ३.१ लिहावं आणि गुणक १ धरला आहे हे सांगावं, असं माझं मत.

उष्ण_टोक

मी असतो तर ३.१ ते ३.७ अशी कक्षा लिहिली असती.

सावळी_सांज

३.१ लिहून शेजारी गुणकाबद्दल टीप टाकते. चुंबक बंद करून दोनदा वाचायचं राहिलंय, लॅब आता सोमवारीच उघडेल. परीक्षेच्या आधी अर्धा तास मिळाला तर घेऊन इथे टाकते.