मदत हवी आहे: फोटोतली पाण्याची बाटली कोणाची, आणि तिचा परवाना खरा का?

निपाणी स्टँडवरच्या 1 लिटरच्या बाटलीचा फोटो जोडलाय. नाव कन्नडमध्ये आहे. एका मोठ्या ब्रँडशी मिळतंजुळतं वाटतं, पण एक अक्षर वेगळं आहे. कन्नड नीट वाचणाऱ्यांनी ते जसंच्या तसं लिहून द्या.

आयएसआय चिन्हाच्या वर आयएस 14543 आहे, म्हणजे साधं पॅकबंद पिण्याचं पाणी; नैसर्गिक मिनरल वॉटरला 13428 असतं. चिन्हाखालच्या सीएम/एल क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे लेबलच्या जोडात गेलेत. ते मिळाले की BIS Care ॲपमध्ये Verify Licence Details मध्ये टाकून कंपनी, पत्ता आणि मुदत दिसेल. क्रमांक नुसता चालू असून भागत नाही, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांकही छापता येतो. पत्ता लेबलशी जुळायला हवा. ऑक्टोबर 2024 पासून या चिन्हाची सक्ती उठली आहे, पण छापलं असेल तर ते खरंच हवं.

खरी अडचण एफएसएसएआयच्या 14 आकड्यांची. सुरुवात 112 ने आहे. पहिला 1 परवान्याचा, पुढचे 12 कर्नाटकाचे. पत्ता मात्र कोल्हापूर जिल्ह्यातला, तिथला राज्य परवाना 115 ने सुरू होतो. हा क्रमांक विक्री करणाऱ्या कंपनीचा असू शकतो. मग भरणाऱ्या कारखान्याचा वेगळा कुठे छापलाय?

हीच बाटली कोणाकडे असेल तर लेबल सोलून, सपाट करून, फ्लॅश बंद ठेवून फोटो टाका. बॅच क्रमांकही दिसू द्या, बहुधा बाटलीच्या मानेवर असतो.