अनुभव धागा : "भेटूच एकदा" म्हणणारी माणसं

मीठभाकर, जळगाव

धागा मीच काढतेय, म्हणून सुरुवातही माझ्यापासून.

ॲपवर ओळख झाली. तो भुसावळचा, मी जळगावची. मधे रेल्वेने जेमतेम अर्धा तास. पाच महिने बोललो. बोललो म्हणजे कसं, तर आठ-दहा दिवस सगळं गार, मग एखाद्या रात्री अकराला "आज भरीत खाल्लं आणि तुझी आठवण आली". मी लगेच पाघळायची. तासभर छान गप्पा, शेवटी "आता भेटूच एकदा", आणि पुन्हा आठ दिवस शांतता. याला ब्रेडक्रंबिंग म्हणतात हे मैत्रिणीने सांगितलं. आमच्या आजीच्या भाषेत दाणे टाकणं.

एका रविवारी मी एक उद्योग केला. व्हॉट्सॲपवर त्याच्याच चॅटमध्ये "भेट" हा शब्द शोधला. पाच महिन्यांत त्याच्याकडून अकरा वेळा आला होता. अकराही मी वाचले. "भेटायला हवं", "भेटूच", "आखाजीनंतर नक्की भेटू", "पाऊस पडू दे, मग भेटू". एकातही वार नव्हता. मी मात्र चार वेळा "कधी?" विचारलं होतं आणि चारही वेळा उत्तरात हसरा चेहरा आला होता.

मग मी लिहिलं : "येत्या रविवारी दुपारी चारला मी मेहरूण तलावावर चहा घ्यायला जाणार आहे. येतोस का? शुक्रवार रात्रीपर्यंत सांग." उत्तर आलं, "अरे वा! बघू या ना. मिस यू." शुक्रवार गेला. रविवारी मी बहिणीला घेऊन गेले, चहा प्यायले. सोमवारी सकाळी त्याचा मेसेज, "कसा गेला संडे?"

पुढे काय केलं ते नंतर लिहिते. आधी तुमचं येऊ द्या. फक्त "सोडून दे गं" एवढंच लिहू नका, ते घरचे रोज म्हणतात.

डबल ड्युटी, भुसावळ

भुसावळचं नाव निघालं म्हणून लिहितो, तो मी नव्हे! पण मी रेल्वेत गाडीवर असतो. रनिंग स्टाफला रविवार-सोमवार नसतो. ड्युटीचा कॉल दोन तास आधी येतो. "रविवारी चारला" असं कुणी विचारलं तर मी छातीठोक हो म्हणूच शकत नाही. दोन मुलींनी याच कारणाने मला फेकू ठरवलं. वार न सांगणारा प्रत्येक जण दाणेच टाकतो असं नसतं, हे नोंदवून ठेवा.

मीठभाकर

मान्य. पण तुम्ही मग काय सांगता समोरच्याला?

डबल ड्युटी

आता जी आहे तिला असं सांगतो : "उद्या सकाळी गाडी घेऊन येतो, मग रात्रीपर्यंत रेस्ट आहे. संध्याकाळी पाचला चालेल का? कॉल लवकर आला तर साडेतीनपर्यंत फोन करतो." दोनदा रद्द झालं. दोन्ही वेळा फोन मीच केला आणि पुढची वेळ तिथल्या तिथे ठरवली. तिसऱ्यांदा भेटलो.

शिकवणीच्या मॅडम, धुळे

मी बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं, आता घरी समुपदेशन करते. वर दोघांनी मुद्द्याचंच लिहिलंय, पण त्यांच्या लक्षात आलं नसेल. फरक होकार-नकारात नाही. "रविवारी जमत नाही" हे अगदी सरळ उत्तर आहे. त्याच्यामागून "मंगळवारी चालेल का?" येतं की नाही, ते बघायचं. ज्याला भेटायचं असतं तो तुमचा वार नाकारला तर स्वतःचा वार पुढे करतो. मीठभाकरच्या माणसाने नकारही दिला नाही आणि वारही दिला नाही, फक्त ऊब दिली. मी मुलींना सांगते, असं नेमकं निमंत्रण दोनदा द्या. पहिल्यांदा खरंच काही अडचण असू शकते. दोन्ही वेळा त्याच्याकडून वार आला नाही, तर तेच उत्तर समजा.

आता पाघळण्याबद्दल. यात तुझा मूर्खपणा नाही. अमेरिकेत फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले, 1957 मध्ये ते प्रसिद्ध झाले. बटणावर चोच मारली की दाणा मिळतो. प्रत्येक वेळी दाणा मिळणाऱ्या कबुतराचा दाणा बंद केला, तर ते लवकर नाद सोडतं. पण कधी तिसऱ्या टोचणीला, कधी तिसाव्या, असा बेभरवशाचा दाणा मिळालेलं कबुतर दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोचत राहतं. रोज गोड बोलणारा अचानक गप्प झाला असता, तर तू महिन्याभरात सावरली असतीस. हा आठ दिवसांनी, दहा दिवसांनी, कधी तिसऱ्याच दिवशी बोलतो, म्हणून तू फोन बघत राहिलीस.

खरं सांगू का, नंदुरबार

मॅडम, कबुतरं ठीक आहेत, पण उपाय सोपा आहे. त्याने आठ दिवस लावले तर तुम्ही दहा लावा. ब्लू टिक बंद करा. स्टेटसला मस्त फोटो टाका. मी केलं. तीन दिवसांत धावत आला.

शिकवणीच्या मॅडम

धावत कुठे आला? चॅटमध्ये की दारात?

खरं सांगू का

चॅटमध्ये. पण रोज मेसेज करायला लागला ना!

शिकवणीच्या मॅडम

किती दिवस?

खरं सांगू का

दोन आठवडे. मग पुन्हा तसंच.

शिकवणीच्या मॅडम

तुमचं निरीक्षण बरोबर आहे, अर्थ तेवढा चुकला. आपण गप्प बसलो की समोरचा काही दिवस जास्त टोचतो. त्याचंही कबुतरच झालेलं असतं, तुमचं उत्तर हा त्याचा दाणा. तो दाणा बंद झाला की आधी मेसेज वाढतात, लांब होतात, "माझं काही चुकलं का" येतं, रात्री दोनचा फोन येतो. तिथेच बायकांना वाटतं, माणूस बदलला. बदल मोजायचा तर मेसेजच्या संख्येत मोजू नका. वार आला का, एवढंच बघा. आणि त्या वाढीच्या दिवसांत एकदा उत्तर दिलंत, तर तो पुढच्या वेळी तितकाच जास्त वेळ टोचणार.

गौराई, अमळनेर

आमच्या भाचीचंही असंच झालं. मुलाकडचे बघून गेले, पोहे झाले, आणि दोन महिने झाले नुसतं "कळवतो" म्हणताहेत. मधेच मुलाच्या आईचा फोन येतो, "आमची सून कशी शे?" आम्ही दुसरं स्थळ बघावं की थांबावं?

मीठभाकर

काकू, धागा ॲपवरच्या ओळखींचा आहे. पण "कशी शे" वाचून अंगावर काटा आला. दाणेच आहेत हे.

शिकवणीच्या मॅडम

ताई, तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी या मुलींकडे नसते : मधला माणूस. त्याच्याकरवी विचारा, "या पंधरवड्यात बैठक कधी ठेवायची?" आणि दुसरं स्थळ बघायला त्यांची परवानगी कशाला हवी?

टाकणारा, मूळ चोपडा, आता नाशिक

शिव्या खाण्याची तयारी ठेवून लिहितो. मी तसाच होतो. एका वेळी चार-पाच जणींशी बोलायचो. कंपनीच्या बसमधून रात्री परत येताना एकटं वाटायचं, की सगळ्यांना एकेक मेसेज. "जेवलीस का?" दोघींचं तरी उत्तर यायचंच. घरी पोचेपर्यंत बरं वाटायचं आणि मी झोपायचो. "भेटू" म्हणताना मी खोटं बोलतोय असं कधी वाटलं नाही. त्या क्षणाला खरंच भेटावंसं वाटायचं. सकाळी नाही वाटायचं.

एकीने मीठभाकरसारखंच वार-वेळ देऊन विचारलं. मला राग आला. मनात म्हटलं, काय घाई आहे हिला. उत्तर दिलं, "प्रेशर नको ना देऊस." ती म्हणाली, "बरं, नाही देत," आणि त्यानंतर कधीच बोलली नाही. मी सहा-सात मेसेज केले, एक तर चांगला पानभर होता. भेटायची तारीख त्यातही नव्हती, हे आज हा धागा वाचताना लक्षात आलं.

नाव नको, पाचोरा

सगळे एकच गृहीत धरताहेत, की भेटायला सगळ्यांना सोपं. आमच्याकडे स्टँडवर कुणाशी पाच मिनिटं बोललं तरी संध्याकाळपर्यंत घरी कळतं. मी एकाला सात महिने "बघू" म्हणतेय, कारण मला भीती वाटते. त्यालाही वाटत असेल मी दाणे टाकते.

शिकवणीच्या मॅडम

मग भीतीच सांग त्याला. "भेटायचं आहे, पण इथे नाही" हे "बघू"पेक्षा फार वेगळं आहे. आणि भेट नाही तर निदान व्हिडिओ कॉल ठरव, अमुक दिवशी, अमुक वाजता. मैत्रिणीसोबत जळगावला जाणार असशील तेव्हा तिला शेजारी बसवून भेट.

नाव नको

सांगितलं आणि तो हसला तर?

मीठभाकर

राहिलेलं लिहिते. "कसा गेला संडे"ला मी उत्तर दिलं : "छान. पुढच्या शनिवारी सकाळी दहाला जमेल का? नाहीतर तू वार सांग." पुन्हा "लेट्स सी". मग शेवटचा मेसेज : "मला भेटून ओळख करायची होती. तुझ्याकडून दिवस येत नाही, म्हणून मी इथे थांबते. राग नाही." आरोप केला असता तर तो सफाई देत बसला असता आणि मी ती ऐकत बसले असते.

ब्लॉक नाही केलं. चॅट अर्काइव्ह केलं, माझं स्टेटस त्याला दिसणार नाही असं केलं. मॅडम म्हणतात तसं झालं, पहिल्या दोन आठवड्यांत नऊ मेसेज. मग एक. मग महिन्याने कानबाईच्या रोटांचा फोटो. तो फोटो मी तीन वेळा बघितला. उत्तर दिलं नाही, पण बघितला.

खरं सांगू का

म्हणून म्हणते, ब्लॉकच करायचं. अर्काइव्ह म्हणजे खिडकी उघडी ठेवणं.

मीठभाकर

असेल. मला ब्लॉक केल्यावर त्याने काही पाठवलं असेल का, याचाच जास्त विचार येतो.

केळीचा घड, रावेर

काय भो, एवढं वाचून मीही हिंमत केली. तीन महिन्यांपासून फैजपूरच्या एकीशी बोलू राह्यलो. तिला विचारलं, बुधवारी सावद्याला भेटू का. ती म्हणे, बुधवारी नाही जमत, शनिवारी सकाळी येते, पण बहीण सोबत असेल, चालेल का? याला काय समजायचं?

टाकणारा

वार आहे, वेळ आहे, वर बहीण आणतेय. अजून काय पाहिजे भाऊ?

केळीचा घड

तेच तर. शनिवारी सकाळीच माझी केळीची कापणी आहे, गाडी ठरली आहे. मी "बघू" म्हणून ठेवलंय.

मीठभाकर

अहो दादा! दुसरा वार कळवा तिला. आत्ता.