सल्ला हवा : घरच्या एजन्सीत सात वर्षं काम केलं, सीव्हीवर पद काय लिहू?

तगर :
आमची बार्शीत एका मोठ्या कंपनीच्या साबण-बिस्किटांची एजन्सी आहे, पप्पांच्या नावावर प्रोप्रायटरशिप. बी.कॉम. झाल्यावर २०१८ पासून मी तिथेच काम करते आहे. आता लग्नानंतर पुण्यात राहायचं आहे, म्हणून कंपन्यांच्या सेल्स ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनच्या जागांसाठी अर्ज करते आहे.

सीव्हीवर मावसभावाच्या सांगण्यावरून 'डायरेक्टर – ऑपरेशन्स' लिहिलं होतं. तीन ठिकाणी बोलावलं, तिन्हीकडे पहिल्या दहा मिनिटांत सूर बदलला. एका मॅडमनी सरळ विचारलं, "म्हणजे वडिलांच्या दुकानात बसत होतात का?" मला इतकं लागलं की पुढचं नीट बोलताच आलं नाही. मी खरंच काम केलं आहे हो. सहा सेल्समन, दोन गोडाऊनची मुलं, एक बिलिंग ऑपरेटर, दोन टेम्पो. हे सगळं मी सांभाळते. पद काय लिहू, आणि काय लिहिलं की लोकांचा विश्वास बसेल?

पंचगंगा :
ताई, एवढा विचार कशाला? पप्पांकडून लेटरहेडवर 'जनरल मॅनेजर' म्हणून अनुभवपत्र घ्या आणि मागच्या तारखांच्या सॅलरी स्लिपा करून ठेवा. स्वतःचीच फर्म आहे, कोण विचारतंय! पदाच्या बाबतीत मात्र तुमचा भाऊ चुकला, हे खरं. डायरेक्टर फक्त कंपनीत असतो, प्रोप्रायटरशिपमध्ये नसतो.

रिकामी_खुर्ची :
मी अठरा वर्षं भरतीचं काम केलं आहे, त्यातली बरीच पुणे-चाकण पट्ट्यात. पंचगंगा यांचा दुसरा मुद्दा बरोबर आहे, पहिला धोक्याचा आहे.

आधी डायरेक्टरबद्दल. कंपनीच्या डायरेक्टरचं नाव कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतं. मुलाखत घेणारा तेवढी तसदी घेतो असं नाही, पण जीएसटी क्रमांक टाकला की फर्म 'प्रोप्रायटरशिप' आहे हे क्षणात दिसतं. मग बाकीचा सीव्ही खरा असला तरी तो शंकेनेच वाचला जातो.

मागच्या तारखांच्या स्लिपा तर मुळीच करू नका. पडताळणी करणारे स्लिपेवरची रक्कम बँक स्टेटमेंटशी ताडून बघतात. स्लिपेवर ३५ हजार आणि खात्यात काहीच जमा नाही, अशी प्रकरणं मी स्वतः नाकारली आहेत. त्यांतल्या दोघांचं काम खरंच चांगलं होतं, ऑफर कागदामुळे गेली.

पद ठरवायची माझी एक साधी पद्धत आहे. उद्या तुम्ही पुण्याला गेल्यावर पप्पांनी तुमच्या जागी बाहेरचा माणूस पगारावर ठेवला, तर बार्शीत त्याला काय म्हणतील? आणि पगार किती देतील? त्या माणसाचं जे पद, तेच तुमचं. आता मला चार गोष्टी सांगा. पगार बँकेतून येतो का, कधीपासून? पप्पांना न विचारता एखाद्या दुकानदाराला किती रुपयांपर्यंत उधारी देता? चेकवर सही कोणाची? आणि नवा सेल्समन घ्यायचा तर शेवटचा शब्द कोणाचा?

ओवी_माप :
वाचून बरं वाटलं, आमचंही असंच आहे. माझ्या नवऱ्याने दहा वर्षं सासऱ्यांबरोबर डेअरी चालवली आणि वाटणीच्या वेळी त्याच्या हाती काहीच लागलं नाही. तगर, तू आधी पप्पांकडून फर्ममधला तुझा हिस्सा लिहून घे. काम केलं आहेस तर हक्क आहे.

तगर :
ओवीताई, हिश्श्याचा प्रश्न नाही हो, तो विषय आमच्याकडे गोडीने झाला आहे. मला नोकरीसाठी लिहायचं आहे.

रिकामी_खुर्ची सर, उत्तरं देते. पगार १८ हजार, एप्रिल २०२१ पासून दरमहा खात्यात येतो. त्याआधीची तीन वर्षं काहीच नाही, लागले की पप्पांकडे मागायचे. उधारी एका दुकानाला २५ हजारांपर्यंत मी ठरवते, त्यावर पप्पांना विचारते. चेक मी लिहिते, सही त्यांची. सेल्समनची पहिली मुलाखत मी घेते, पगार ते ठरवतात. बाहेरचा माणूस ठेवला तर त्याला सगळे 'मॅनेजर'च म्हणतील, आणि २२-२५ हजारांखाली कोणी येणार नाही.

रिकामी_खुर्ची :
मग तुमचं पद ठरलं, 'एजन्सी मॅनेजर'. या धंद्यातल्या माणसाला ते लगेच कळतं. सेल्स ऑपरेशन्सच्या जागा भरणारे बहुतेक जण कधी ना कधी मार्केटमध्ये फिरलेले असतात. अशा एजन्सीत मालक असतो आणि मॅनेजर असतो, डायरेक्टर नसतो, हे त्यांना ठाऊक असतं.

सर्वात मोलाचा आकडा ते २५ हजार. 'वित्त व्यवस्थापन' लिहू नका, कारण चेकवर तुमची सही नाही आणि दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. 'प्रति दुकान २५ हजारांपर्यंत उधारी मंजूर करण्याचा अधिकार, त्यावरील रकमेस मालकाची संमती' असं लिहा. अधिकार कुठे संपतो हे सांगणाऱ्या माणसाचं बाकीचं पटतं. मी मुलाखतीत हेच शोधायचो.

आता काम. सध्या काय लिहिलं आहे ते जसंच्या तसं टाका.

तगर :
"संपूर्ण व्यवसायाचे कामकाज, विक्री, खाती, मनुष्यबळ आणि ग्राहक संबंध यशस्वीपणे हाताळले."

रिकामी_खुर्ची :
हे वाक्य कोणत्याही धंद्याला लागू पडतं, म्हणून त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. घरच्या धंद्यातले लोक 'सगळं मीच बघायचो' म्हणतात. ते बहुधा खरंही असतं, पण ऐकणाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही. तुमच्या हातून काहीतरी बदललं असेल. उधारीचं, क्लेमचं, एक्स्पायरीच्या मालाचं. आकड्यांत सांगा.

तगर :
उधारीचं सांगते. २०२२ मध्ये महिन्याची विक्री साधारण ७२ लाख होती आणि बाजारात अडकलेले एक कोटीच्या आसपास. मी सेल्समनच्या बीटप्रमाणे याद्या पाडल्या. ज्या दुकानाचं दुसरं बिल थकलंय त्याचं तिसरं बिल टॅलीतून निघणारच नाही असं केलं. पहिले दोन महिने सेल्समन चिडले, पप्पांकडे तक्रारी गेल्या, वीसेक दुकानं तुटली. आता विक्री तेवढीच आहे आणि बाहेर ६५ लाख आहेत.

स्कीमचे क्लेमही असेच. कंपनीकडे ११ लाख अडकले होते. बिलांच्या प्रती वेळेत चढवल्या नाहीत म्हणून ते परत यायचे. आता तीन लाखांच्या आत असतात.

रिकामी_खुर्ची :
हे सीव्हीत नव्हतं?! ७२ लाख महिन्याला म्हणजे दिवसाला २ लाख ४० हजार. एक कोटी म्हणजे जवळपास ४२ दिवसांची उधारी, ६५ लाख म्हणजे २७ दिवसांची. 'विक्री कायम ठेवून उधारीचे दिवस ४२ वरून २७ वर' ही एकच ओळ त्या आधीच्या सगळ्या वाक्यापेक्षा जास्त काम करेल. वीस दुकानं तुटली हे मुलाखतीत आपणहून सांगा. ज्याने हे काम हाताने केलं आहे त्यालाच ती किंमत माहीत असते.

कलम_चाळीस :
मी सीए आर्टिकलशिप करतोय. ताई, मागच्या तारखेने पार्टनरशिप डीड करून तुम्हाला पार्टनर दाखवता येईल, मग फॉर्म १६ पण मिळेल.

पानसुपारी :
नाही बाळा, दोन्ही गोष्टी चुकल्या. डीड मागच्या तारखेने करायचं नसतं. आणि पार्टनरला मिळणारा मोबदला आयकरात पगार धरत नाहीत, ते धंद्याचं उत्पन्न. त्याला फॉर्म १६ नसतो. जो खरंच पार्टनर आहे त्याने डीड आणि रिटर्न दाखवावं.

तगर, तुझा पगार वर्षाला २ लाख १६ हजार. एवढ्यावर कर बसत नाही, टीडीएस कापला जात नाही, म्हणून तुझ्याकडे फॉर्म १६ नाही यात नवल नाही. माणसं वीसपेक्षा कमी, म्हणून पीएफही लागू नाही. एचआरने विचारण्याआधी तूच हे दोन वाक्यांत सांग. २०२१ पासूनचं बँक स्टेटमेंट, भरलं असशील तर रिटर्न, आणि फर्मच्या पुस्तकात तुझा पगार खर्ची पडल्याचं तुमच्या सीएचं पत्र, एवढं जवळ ठेव. नात्यातल्या माणसाला दिलेला पगार कामाच्या मानाने वाजवी हवा हे आयकर खातंही बघतं, त्यामुळे १८ हजार हा आकडा विश्वासाचाच वाटतो.

तगर :
रिटर्न तीन वर्षांचे भरलेत, मोपेडच्या कर्जासाठी.

वडिलांची फर्म आहे हे सीव्हीवरच लिहू का? आणि पगाराआधीची तीन वर्षं दाखवू की नको?

रिकामी_खुर्ची :
नातं सीव्हीवर नको, पण पडताळणीच्या फॉर्ममध्ये 'मालक हे माझे वडील' असं आधीच लिहा. एका मुलाच्या वेळी पडताळणीवाल्याने दुकानात फोन लावला. वडिलांनी उचलला आणि कौतुकाने पाच मिनिटं बोलले, "माझा मुलगा आहे, लई हुशार आहे." पद विचारलं तर म्हणाले, "पद कसलं, सगळं त्याचंच." अहवालात शेरा आला, 'पदाची खातरजमा झाली नाही.' पप्पांना पद, तारखा आणि पगार सांगून ठेवा. संदर्भ म्हणून मात्र बाहेरचा माणूस द्या, कंपनीचा जो एएसएम तुमच्याकडे यायचा तो सर्वात उत्तम. क्लेमसाठी त्याच्याशी तुम्हीच बोलत होतात ना?

२०१८ ते २०२१ दाखवा, पण वेगळी ओळ करून. 'कौटुंबिक व्यवसायात साहाय्य, विनावेतन.' पद देऊ नका.

पानसुपारी :
इथे मी सहमत नाही. नातं सीव्हीवरच असावं. आडनाव तेच, गाव तेच, लपवल्यासारखं दिसतं. आणि 'विनावेतन' लिहिलं की ती तीन वर्षं अनुभवात धरतच नाहीत. काम तेच होतं ना तेव्हाही?

तगर :
तेव्हा बिलिंग आणि क्लेम होतं, सेल्समन २०२१ पासून माझ्याकडे आले.

पानसुपारी :
मग तेवढंच लिही, 'बिलिंग व क्लेम'. पैसे मिळाले की नाही ते विचारतील तेव्हा सांग.

रिकामी_खुर्ची :
विचारतील हे नक्की. एकूण अनुभवाचा आकडा लिहिताना पगाराची वर्षंच धरा, एवढं माझं ऐका.

तगर :
नवं असं केलंय :

एजन्सी मॅनेजर, एप्रिल २०२१ पासून. ६२० दुकानं, ६ सेल्समन, मासिक विक्री सुमारे ७२ लाख. प्रति दुकान २५ हजारांपर्यंत उधारी मंजुरी. उधारी ४२ दिवसांवरून २७ वर. थकीत क्लेम ११ लाखांवरून ३ लाखांच्या आत.
बिलिंग व क्लेम, २०१८ ते मार्च २०२१, वडिलांच्या फर्ममध्ये.

एएसएम सरांना फोन केला, आनंदाने हो म्हणाले. पण त्यांची पुढच्या महिन्यात नागपूरला बदली आहे आणि कंपनीचा नंबर बदलेल म्हणाले. आत्ताच पत्र मागून घेऊ का?

पंचगंगा :
पत्रापेक्षा त्यांचा स्वतःचा मोबाईल नंबर मागा ताई. आणि स्लिपांचं मी बोललो ते मागे घेतो.

रिकामी_खुर्ची :
नंबर घ्याच, शिवाय बदलीआधी कंपनीच्या मेलवरून चार ओळी मागा. 'या एजन्सीचे क्लेम आणि उधारी अमुक काळ या बघत होत्या' एवढंच. पद त्यांनी लिहायची गरज नाही.