मदत हवी आहे: हिस्टोग्राम उजवीकडे नेला, सावल्या स्वच्छ आल्या, पण समईच्या ज्योती आणि मुखवटा जळाला

सुहास_क
आमच्या गावच्या देवळात काकडा चालू आहे. गाभाऱ्यात फक्त समया, पितळी मुखवटा आणि मागे काळा दगड. 'एक्स्पोज टू द राइट' करा, सावल्यांत नॉइज येत नाही, असं सगळीकडे वाचलं होतं, तसंच केलं. दगड झकास आला, पण ज्योतींभोवती पिवळे सपाट डाग आणि मुखवट्याच्या गालावर रंगच नाही. उद्या त्रिपुरी पौर्णिमा, काकड्याचा शेवटचा दिवस. लवकर सांगा.

मंजिरी
रॉ की जेपेग? सेटिंग काय होतं? कॅमेऱ्यावर कोणता हिस्टोग्राम बघत होतात, पांढरा की तीन रंगांचा?

सुहास_क
रॉच हो, नाहीतर हा प्रश्नच कशाला विचारला असता! १/६०, एफ २.८, आयएसओ ३२००. हिस्टोग्राम पांढरा. उजव्या कडेला चक्क जागा शिल्लक होती, म्हणूनच डोकं फिरलंय.

अनिरुद्ध७
घाबरू नका. रॉमध्ये दोन स्टॉप जास्तीचे असतातच. हायलाइट्सचा स्लायडर पूर्ण डावीकडे ओढा, सगळं परत येतं. मी लग्नात कायम असंच करतो.

मंजिरी
दोन स्टॉप सगळीकडे धरून चालू नका. किती शिल्लक राहतात ते कॅमेऱ्यावर आणि उजेडाच्या रंगावर ठरतं. लग्नातला पांढरा शालू परत येतो, कारण तिथे एखादा तरी रंग शाबूत असतो. ज्योतीच्या उजेडात लाल भरपूर, निळा अगदी थोडा. लाल आधी भरतो, हिरवा मागून वाढत राहतो, म्हणून केशरीचं पिवळं होतं. हिरवाही भरला की स्लायडर ओढून नुसता मळकट डाग उरतो. सुहास, फाइल RawDigger मध्ये उघडून गालावरचा लाल चॅनल बघा, लगेच कळेल.

आता ती उजवीकडची जागा. पांढऱ्या आलेखात लाल एकटा भरलेला कळत नाही. शिवाय ज्योती म्हणजे फोटोतले मूठभर पिक्सेल, त्यांची रेघ कडेला इतकी बुटकी असते की दिसतच नाही. तीन रंगांचा आलेख लावा, हायलाइटची लुकलुक चालू करा आणि पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा. तरीही तो आलेख जेपेगवरूनच बनतो हे लक्षात असू द्या.

पाध्येकाका
आमच्या वेळी निगेटिव्हला सावल्यांवरून मोजायचं आणि स्लाइडला उजेडावरून. हे डिजिटल स्लाइडसारखं, उजेड गेला की गेला. बाकी गाभाऱ्यात फोटो काढायला गुरवांना विचारलंत ना? आमच्याकडे मनाई आहे.

सुहास_क
काका, गुरवांनीच बोलावलंय. मग करू काय? उजेड वाचवायला अंधारा काढला तर दगडात पुन्हा वाळू दिसणार.

वैभव_रत्नागिरी
मुळात तुम्ही उजवीकडे गेलात ते आयएसओ वाढवून. त्याने सेन्सरवर कणभरही जास्त उजेड पडत नाही. सावली स्वच्छ होते ती शटर आणि ॲपर्चरमधून आलेल्या उजेडाने. आयएसओने फक्त आलेख सरकतो आणि वरची जागा संपते. तेच १/६० ठेवून आयएसओ ८०० केलात तर ज्योतींना दोन स्टॉप जागा मिळते. घरी येऊन दगड उचला, हल्लीच्या बऱ्याच सेन्सरवर नॉइज जवळपास तेवढाच राहतो.

अनिरुद्ध७
माझ्या जुन्या बॉडीवर असं उचललं की सावलीत उभे-आडवे पट्टे येतात. सगळ्यांना हा सल्ला देऊ नका.

वैभव_रत्नागिरी
जुन्यावर येतात, मान्य. म्हणून आधी घरीच अंधाऱ्या कोपऱ्यात दोन फोटो काढून ताडून बघा.

आणि ट्रायपॉड लावता येत असेल तर उत्तरच वेगळं. १/४ सेकंद, आयएसओ २०० म्हणजे फोटो कालच्याइतकाच उजळ, पण उजेड सोळापट. त्यातले दोन स्टॉप ज्योतींसाठी सोडा: १/१५, आयएसओ २००. तरी कालच्या चौपट उजेड सेन्सरवर पडतो. म्हणजे मुखवटा वाचतो आणि दगड कालच्यापेक्षा स्वच्छही येतो.

मंजिरी
हे पटलं. फक्त ज्योतीचा गाभा वाचवायच्या मागे लागू नका. डोळ्यालाही तो पांढराच दिसतो, तो जाऊ दे. मर्यादा मुखवट्याच्या गालावरून ठरवा.

अस्मिता
मोबाईलच्या नाइट मोडमध्ये हे आपोआप होतं की. कुठला फोन चांगला?

सुहास_क
अस्मिता, त्यासाठी वेगळा धागा काढा प्लीज.
RawDigger मध्ये बघितलं. गालावर लाल पूर्ण सपाट, हिरवा थोडा शिल्लक. ट्रायपॉडला कोपऱ्यात जागा मिळेल, पण आरती फिरवताना गुरवांचा हात १/१५ ला हलणार. त्याचं काय?

वैभव_रत्नागिरी
हाताला १/६० आणि आयएसओ ८००. आरतीआधीचा स्थिर गाभारा १/१५ ला. दोन्ही एकाच फ्रेममध्ये हवं असेल तर जोडावं लागेल.

अनिरुद्ध७
जोडू नका, ज्योती हलतात, दोन-दोन दिसतात.

मंजिरी
ज्योती एकाच फोटोतल्या घ्यायच्या, दुसऱ्यातून फक्त दगड. मास्क लावून होतं ते.